होस्टेलच्या खोलीतला बार आणि भरलेली सॅक : आठ पुल-अप्सपासून दहा किलोपर्यंत

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला एक कॉट, अर्धे कपाट आणि दाराच्या चौकटीचा सामाईक वापर एवढेच येते. त्या चौकटीत एक बार बसवला आणि कॉलेजची जुनी सॅक नीट भरली, तर पाठ, दंड आणि पकड यांसाठी पुरेसा व्यायाम होतो. मात्र हे दोन्ही करताना अंदाजाने चालून उपयोग नसतो. बारवर आठ-नऊ पुल-अप्स येऊ लागल्यानंतर पुढे काय करावे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि बहुतेक जण नुसती संख्या वाढवत राहतात किंवा हाताला लागतील ती पुस्तके सॅकमध्ये कोंबून लटकतात. या लेखात त्या एकाच टप्प्याचा विचार केला आहे. स्वतःच्या वजनावर आठ स्वच्छ पुल-अप्स काढणाऱ्याने दहा किलोची सॅक लावून पाच पुल-अप्स काढण्यापर्यंत कसे जावे, एवढाच त्याचा विषय आहे. ज्यांना अजून आठ येत नाहीत त्यांनी सॅकला हात लावू नये. सैन्यभरतीची तयारी करणारी मुले ज्याला ‘बीम’ म्हणतात तोच व्यायाम त्यांनी आधी स्वतःच्या वजनावर पक्का करावा.

आठ पुल-अप्स कोणते मोजायचे, हेही आधी ठरवावे लागते. हात कोपरात पूर्ण सरळ असताना सुरुवात व्हावी, हनुवटी बारच्या वर जावी, पाय झटकले जाऊ नयेत आणि खाली येताना शरीर सोडून न देता उतरवावे. या कसोटीवर बारा म्हणणाऱ्यांचे सात भरतात. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर चालतो, म्हणून तो फुगवून सांगण्यात स्वतःचेच नुकसान आहे.

चौकट आणि बार

परदेशी चित्रफितींत दाराच्या वरच्या पट्टीवर अडकवायचा बार दिसतो. तो आपल्याकडच्या बहुतेक चौकटींवर बसत नाही, कारण आपली चौकट भिंतीत जवळपास सपाट बसवलेली असते आणि बार अडकवायला बाहेर आलेली लाकडी पट्टीच नसते. भिंतीत बोल्ट मारून बसवायचा बार सर्वांत भक्कम असला, तरी त्याला परवानगी देणारा घरमालक किंवा रेक्टर क्वचितच भेटतो. उरतो तो फिरवून लांब होणारा, चौकटीच्या दोन खांबांमध्ये ताणून बसणारा बार.

हा बार केवळ घर्षणावर टिकतो, आणि त्याचा अर्थ एकदा समजून घेतला की पुढच्या सूचना पटतात. रबरी टोप्या आणि लाकूड यांच्यातला घर्षणगुणांक ०.५ धरला, तर ७० किलोचा भार तोलण्यासाठी बारने प्रत्येक खांबावर आडवा सुमारे ७० किलोचाच दाब द्यावा लागतो. गुळगुळीत ऑइलपेंटवर किंवा धुळीवर हा गुणांक उतरतो आणि लागणारा दाब तितकाच वाढतो. शिवाय खोक्यावर छापलेली क्षमता स्थिर भाराची असते. झोका घेतला किंवा झटक्याने खाली आलो, तर बारला आपल्या वजनाहून बराच जास्त भार सोसावा लागतो.

माझ्या कर्वेनगरच्या खोलीत मी पहिला बार नुसता ताणून बसवला होता. टोपीच्या खालच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवायची सवय तेव्हा होती, आणि एका जुलैच्या सकाळी डाव्या बाजूची टोपी त्या रेघेखाली चार-पाच मिलिमीटर गेलेली दिसली. मी बार पुन्हा आवळला, सहा किलोची सॅक चढवली आणि तिसऱ्या पुल-अपला बारसकट खाली आलो. पाय आधी टेकले म्हणून निभावले, पण सॅकच्या वजनाने मी मागे खेचला गेलो आणि कॉटची लोखंडी कड डोक्यापासून वीतभर अंतरावर राहिली. पाठीवर वजन असताना माणूस मागेच पडतो. त्यामुळे बारखालच्या जागेपेक्षा मागची जागा मोकळी ठेवणे जास्त महत्त्वाचे आहे.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे. सॅक लावायची असेल, तर बारची दोन्ही टोके स्क्रूने बसवलेल्या धातूच्या वाट्यांत टेकलेली असली पाहिजेत. या वाट्या पुष्कळ बारांसोबत येतात आणि बहुतेक मुले त्या खोक्यातच ठेवून देतात. सोबत आल्या नसतील, तर आपल्या बारचे टोक दाखवून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारावे. लाकडी चौकटीला स्क्रूपेक्षा थोडे बारीक छिद्र आधी पाडून घ्यावे, नाहीतर लाकडाला चीर पडते. रेक्टरांची परवानगी तोंडी न घेता लेखी घ्यावी. परवानगी मिळाली नाही किंवा चौकट पातळ पत्र्याची असेल, तर त्या चौकटीत सॅकसह पुल-अप्स करू नयेत. जवळच्या मैदानातल्या सिंगल बारवर सॅक घेऊन जावे आणि खोलीतला बार बिनवजनी सरावासाठी ठेवावा.

बार किती उंचीवर लावायचा, हे डोके ठरवते. दाराची उंची साधारण सात फूट असते आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतचे अंतर नऊ इंचांच्या आसपास भरते. बार अगदी वर लावला तर हनुवटी बारवर जाण्याआधीच टाळू चौकटीला लागते, म्हणून वरून बारा इंच सोडून, म्हणजे जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर बार घ्यावा. पावणेसहा फुटांपर्यंतच्या माणसाला गुडघे मागे दुमडून तिथे आरामात लटकता येते. बार आडव्या रेषेत आहे ना हे फोनमधल्या लेव्हलने पाहावे, आणि पहिल्यांदा पाय जमिनीवर ठेवूनच हळूहळू भार टाकत तो जोखावा.

पुण्याच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते. त्यामुळे जुलैत घट्ट वाटणारा बार दिवाळीच्या सुमारास वाटीत खुळखुळू लागतो. रोज सुरुवातीला अर्धा मिनिट देऊन बार आवळावा आणि पेन्सिलीची रेघ पाहावी. चौकटीशेजारच्या गिलाव्यात नवी बारीक भेग दिसली, तर खांब बाहेर ढकलला जात आहे असे समजावे आणि बार त्याच दिवशी उतरवावा. दाराचे म्हणाल, तर ते पूर्ण उघडून खाली पाचर मारावी आणि खोलीतल्या दोघातिघांना वेळ सांगून ठेवावी. बाहेरून धाडकन दार ढकलणारा मित्र हा या व्यायामातला एक खरा धोका आहे.

सॅक भरणे

सॅकचे वजन माहीत नसेल तर प्रगतीही कळत नाही. सर्वांत स्वस्त वजनमाप पाण्याचे आहे, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. बाटली काठोकाठ भरावी. अर्धवट भरलेल्या बाटलीतले पाणी प्रत्येक हालचालीला मागेपुढे होते आणि शरीर डोलू लागते. रिकाम्या सॅकचे वजनही हिशोबात धरायचे असते आणि ते बऱ्याचदा पाऊण किलोच्या पुढे भरते. आम्ही आमच्या सॅक गल्लीतल्या रद्दीच्या दुकानात तोलून घेत असू. पहिल्या वेळी रद्दीवाल्या काकांनी “पेपर कुठेत?” म्हणून सॅकमध्ये डोकावून पाहिले. नंतर मात्र आम्ही दिसलो की ते स्वतःच काटा शून्यावर आणून ठेवत आणि “किती वाढवलं?” असे विचारत.

सहा-सात किलोंच्या पुढे पाण्याच्या बाटल्यांना सॅकमध्ये जागा पुरत नाही. तेव्हा बाटल्यांत कोरडी वाळू भरावी. एक लिटरच्या बाटलीत साधारण दीड किलो वाळू मावते, मात्र वाळूचे वजन तिच्या ओलीवर आणि दाण्यावर बदलते, म्हणून प्रत्येक बाटली तोलून तिच्यावर मार्करने आकडा लिहावा. स्पर्धापरीक्षेची जाडजूड पुस्तके हा मोह टाळावा. त्यांचे कोपरे पाठीत रुततात, ती आत सरकतात आणि परीक्षा जवळ आली की वजन सॅकमधून टेबलावर जाते.

भरताना जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला आल्या पाहिजेत. तळाशी दुमडलेला टॉवेल, त्यावर लॅपटॉपच्या कप्प्यात उभ्या बाटल्या आणि बाहेरच्या बाजूला जुने ब्लँकेट दाबून भरावे, म्हणजे आत काही हलायला जागा राहत नाही. जड बाटली बाहेरच्या कप्प्यात राहिली तर ती शरीराला मागे ओढते आणि कंबर कमानीसारखी वाकते. पट्टे इतके आवळावेत की सॅकचा तळ कमरेच्या वर राहील. छातीचा पट्टा नसेल तर सॅकवरून आणि पोटावरून एक पंचा घट्ट गाठून घ्यावा. हे नीट झाले की नाही ते कानाने कळते. खाली येताना सॅक पाठीवर ‘थप्प’ असा आवाज करत असेल, तर ती सैल आहे.

पट्टा सॅकला जिथे शिवलेला असतो तिथली शिवण दर आठवड्याला पाहावी. एखादा टाका उसवलेला दिसला, तर गल्लीतल्या चांभाराकडून जाड दोऱ्याने पक्की शिवून घ्यावी. पट्टे काखेत फार रुतले तर बोटांना मुंग्या येतात, कारण खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. मुंग्या आल्या की सेट तिथेच थांबवावा, पट्ट्यांखाली दुमडलेला नॅपकिन ठेवून पाहावा आणि तरीही त्या थांबल्या नाहीत, तर सॅक पाठीवर न घेता कमरेच्या भक्कम पट्ट्याला पुढून अडकवून मांड्यांमध्ये लोंबती ठेवावी. बारा-तेरा किलोंच्या पुढे तसेही तेच सोयीचे पडते.

सुरुवातीचे वजन कसे काढावे

इथे एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. माझ्या खोलीतल्या बार्शीकडच्या सोबत्याचे वजन ६२ किलो होते आणि वरच्या कसोटीवर त्याचे आठ पुल-अप्स होत. पुल-अपमध्ये उचललेले वजन म्हणजे शरीर आणि सॅक यांची बेरीज, हे इथे विसरायचे नाही. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी व्यायामशाळांत एक सूत्र वापरतात :

कमाल = एकूण वजन × (१ + वेळा ÷ ३०)

त्याच्यासाठी ते ६२ × (१ + ८ ÷ ३०), म्हणजे सुमारे ७८.५ किलो आले. आता त्याला पाच-पाचचे तीन सेट काढायचे होते आणि पहिल्या सेटच्या शेवटी आणखी दोन निघतील इतकी ताकद शिल्लक ठेवायची होती. म्हणजे वजन असे हवे, की जे तो जोर लावून सात वेळा उचलू शकेल. ७८.५ ला (१ + ७ ÷ ३०) ने भागले की ६३.७ येतात. त्यातून शरीराचे ६२ वजा केले तर सॅकच्या वाट्याला उरतात पावणेदोन किलोंच्या आसपास. रिकामी सॅक, एक लिटरची बाटली आणि टॉवेल मिळून त्याचे दोन किलो झाले आणि तिथून त्याने सुरुवात केली.

हा आकडा ऐकून त्याचा चेहरा पडला होता, कारण शेजारच्या खोलीतला मुलगा पहिल्याच दिवशी आठ किलो लावून लटकला होता. सूत्राप्रमाणे आठ किलो लावून आमच्या सोबत्याचेही तीन-चार पुल-अप्स निघाले असते. पण सांधे आणि स्नायूबंध हे स्नायूंपेक्षा सावकाश सरावतात. सुरुवातीच्या आठवड्यांत कमी वजन ठेवण्याचे कारण तेच आहे.

प्रत्यक्ष व्यायाम

सॅक जमिनीवर उभे राहून चढवावी, मग स्टुलावर चढून बार पकडावा. आधी खांदे कानांपासून खाली ओढावेत आणि मगच पाय स्टुलावरून सावकाश सोडावेत. वर जायला एक सेकंद आणि खाली यायला दोन सेकंद लागले पाहिजेत. तळाशी हात सरळ व्हावेत, पण खांदे सैल सोडू नयेत. सेट संपल्यावर उडी मारून उतरू नये. दुमडलेले पाय पुन्हा स्टुलावर टेकवावेत आणि मग बार सोडावा. दहा किलो पाठीवर घेऊन मारलेल्या उड्या घोट्यांना आणि गुडघ्यांना महाग पडतात, आणि खालच्या मजल्यावरची तक्रार वर येते ती वेगळीच. बारवरचा फोम घामाने हातात फिरू लागला तर तो काढून टाकावा आणि कापडी टेप गुंडाळावी.

आठवड्यातून दोन दिवस पुरतात. प्रत्येक दिवशी दोन सेट बिनवजनी, दोन-तीन पुल-अप्सचे, अंग गरम करण्यासाठी, आणि मग सॅकसह पाचाचे तीन सेट घ्यावेत. दोन सेटमध्ये घड्याळ लावून तीन मिनिटे थांबावे. तिन्ही सेटमध्ये पाच स्वच्छ निघाले आणि शेवटच्या सेटनंतरही एक शिल्लक आहे असे वाटले, तर पुढच्या वेळी अर्धा किंवा एक किलो वाढवावा. एखाद्या सेटमध्ये चारच निघाले तर वजन तेच ठेवावे. लागोपाठ तीन वेळा अडले तर एक किलो उतरवून पुन्हा चढत यावे. त्याच दिवशी ती सॅक घेऊन पुश-अप्सचे आणि मागचा पाय कॉटवर ठेवून केलेल्या बैठकांचे तीन-तीन सेट केले, की बाकीच्या शरीराचेही भागते.

आमचा सोबती पहिल्या चार आठवड्यांत दोनवरून चार किलोंवर गेला. पाचव्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा होती, तेव्हा त्याने सॅक बाजूला ठेवली आणि पाच-पाचचे दोनच सेट बिनवजनी केले. तो आठवडा वाया गेला असे त्याला वाटत होते, पण सहाव्या आठवड्यात पाच किलो त्याला चारइतकेच सोपे गेले. खरी अडचण सात किलोंवर आली. पहिले दोन सेट पाचाचे निघत आणि तिसरा तीनवरच थांबे, आणि असे दोन सोमवार झाले. गुरुवारी मात्र तेच वजन व्यवस्थित निघत होते. कारण शोधले तेव्हा ते बारमध्ये किंवा सॅकमध्ये सापडले नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या रात्री तो वडापाववर भागवत असे आणि सोमवारी पहाटे उपाशीपोटी बारला लटकत असे. शिवाय सोमवारी बाथरूमची रांग चुकवण्यासाठी तो तीन मिनिटांची विश्रांती एका मिनिटावर आणत होता. दिवस बदलून मंगळवार आणि शुक्रवार केले, वेळ संध्याकाळची ठेवली आणि दुसऱ्या आठवड्यात सात किलोंचे तिन्ही सेट पूर्ण झाले.

बाराव्या आठवड्याच्या अखेरीस त्याने दहा किलोंसह पाच पुल-अप्स काढले, अर्थात एका सेटमध्ये आणि ताज्या दमाने. शरीराचे वजन जवळपास तेच होते. सूत्रात घातले तर ७२ × (१ + ५ ÷ ३०) म्हणजे ८४ किलो होतात, आणि त्यावरून बिनवजनी दहा-अकरा पुल-अप्स निघावेत. चार दिवसांनी सॅक न घेता मोजले तेव्हा अकरा निघाले. सगळ्यांचे गणित इतके बरोबर जुळत नाही, आणि पंधराच्या पुढच्या संख्येला हे सूत्र विश्वासाने लावताही येत नाही, पण वजन वाढवले की संख्या कशी वाढते ते यावरून दिसते.

कोपर

या व्यायामात सर्वांत आधी तक्रार करते ते कोपराच्या आतल्या बाजूचे हाड. मनगट आणि बोटे वळवणारे स्नायू तिथे जोडलेले असतात, आणि पकडीवर अचानक वाढलेला भार त्यांना सोसत नाही. होस्टेलमध्ये ही कुरकुर बारवर कळण्याआधी बादलीपाशी कळते. जीन्स पिळताना कोपराच्या आत कळ आली आणि त्या हाडावर अंगठ्याने दाबल्यावर दुखले, तर सॅक लगेच उतरवावी. पूर्ण थांबायची गरज बहुधा पडत नाही. दोन-तीन आठवडे बिनवजनी, कमी सेट आणि खाली यायला चार-पाच सेकंद अशा गतीने करावे. तळवे स्वतःकडे करून धरण्याची पकड या काळात टाळावी, कारण तिने त्या जागेवर अधिक ताण येतो. पाण्याची भरलेली बाटली हातात धरून, तळवा वर ठेवून मनगट हळू खाली सोडण्याचे पंधराचे दोन सेट एक दिवसाआड करावेत. रात्री झोपेतही ठणका लागला, करंगळी बधिर होऊ लागली किंवा तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

खांद्याच्या पुढच्या बाजूला तळाशी लटकताना टोचत असेल, तर बहुधा खांदे सैल सोडले जात आहेत. ते सुधारूनही टोचले तर वजन कमी करावे. तळहातावरच्या घट्ट्यांची कड उभी राहिली की ती बारवर फाटते. आंघोळीच्या वेळी पाय घासायच्या वजरीने ती आठवड्यातून एकदा सपाट करावी.

खोली सोडण्याच्या दिवशी वाट्यांचे स्क्रू उलटे फिरवून काढावेत, छिद्रांत लांबी भरून ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी आणि चौकटीच्या रंगाचा एक हात मारावा. डिपॉझिट परत करताना घरमालक भिंतीवरच्या खिळ्यांच्या खुणा मोजतात आणि चौकटीकडेही पाहतात. आम्ही सोडलेल्या खोलीत वाट्या मात्र तशाच राहिल्या, कारण पुढे येणाऱ्या मुलाने त्या आमच्याकडून दीडशे रुपयांना घेतल्या.